कोन फुकट, बाजू विकत

संमिश्र संख्यांच्या प्रतलाचा वास्तव अक्षाच्या वरचा भाग, म्हणजे वरचे अर्धप्रतल, अमर्याद पसरलेले असते. त्याला काठ एकच आणि तोही सरळ रेषेचा. त्रिकोण किंवा आयत मात्र सर्व बाजूंनी बंदिस्त आणि कोपऱ्यांचे. या अर्धप्रतलातला प्रत्येक बिंदू त्रिकोणातल्या एकेका बिंदूवर न्यायचा, एकही जागा रिकामी ठेवायची नाही, कुठे दोन बिंदू एकावर एक येऊ द्यायचे नाहीत आणि आत एकमेकींना छेदणाऱ्या कोणत्याही दोन रेषांमधला कोन जराही बदलू द्यायचा नाही, हे जमेल का? रीमानने १८५१ च्या प्रबंधात याचे उत्तर ‘हो’ असे दिले, आणि तेही केवळ त्रिकोणापुरते नव्हे तर फार मोठ्या प्रमाणावरच्या प्रदेशांसाठी दिले. पण ते उत्तर अस्तित्वाचे होते, कृतीचे नव्हते. साध्या सरळ बाजूंच्या त्रिकोणासाठीसुद्धा असे प्रतिचित्रण प्रत्यक्ष लिहून दाखवता येत नाही, ही उणीव मेर्टेन्स यांनी श्वार्त्सच्या नजरेस आणून दिली होती. १८६७ साली ख्रिस्तोफेलने स्थिर तापमानाच्या प्रश्नाच्या निमित्ताने आणि १८६९ साली श्वार्त्सने स्वतंत्रपणे ती उणीव भरून काढली. आज दोघांच्या नावाने ओळखले जाणारे ते सूत्र या विषयाचा गाभा आहे, आणि ही प्रस्तावना त्या सूत्राचे नेमके मोल काय हे ठरवण्यासाठी आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. हे सूत्र आपल्याला आकृतीचे कोन बसल्या जागी देऊन टाकते. बाजूंच्या लांब्या मात्र देत नाही. त्या लांब्या काठावरचे बिंदू कुठे ठेवले यावर ठरतात, आणि ते बिंदू शोधणे हेच खरे काम आहे. त्रिकोणात हे काम उरतच नाही, म्हणून त्रिकोण पाहून सूत्र सर्वसमर्थ वाटते. आयतावर येताच भ्रम फिटतो. पाठ्यपुस्तकांत सहसा सूत्र सिद्ध करून दोन उदाहरणे दिली जातात आणि प्रकरण संपते. त्यामुळे विद्यार्थ्याला वाटते की सूत्र म्हणजे उत्तर. ते उत्तराचा अर्धा भाग आहे, आणि सोपा अर्धा भाग आहे, हे पुढे एकेका पुराव्याने दाखवतो.

प्रथम सूत्र का चालते ते पाहू. आपल्याला हवे असलेले फल f आहे असे समजू. थेट f लिहिण्याऐवजी त्याचा विकलज लिहायचा, ही सारी युक्ती. काठावर x₁, x₂, …, xₙ असे बिंदू घ्यायचे, आकृतीच्या त्या त्या शिरोबिंदूंचे आंतरकोन πα₁, πα₂, …, παₙ मानायचे आणि लिहायचे:

f'(z) = A (z − x₁)^(α₁−1) (z − x₂)^(α₂−1) … (z − xₙ)^(αₙ−1)

विकलजाचा कोनांक आपल्याला प्रतिमेची दिशा सांगतो. वास्तव अक्षावरून डावीकडून उजवीकडे निघालो, तर अक्षावरची आपली दिशा कायम एकच असते. म्हणून प्रतिमेतल्या वाटेची दिशा म्हणजे f' चा कोनांक, दुसरे काही नाही. गुणाकाराचा कोनांक ही अवयवांच्या कोनांकांची बेरीज असते. आता एकच अवयव घ्या: (x − x₁). आपण x₁ च्या डावीकडे असताना ही संख्या ऋण आहे, म्हणजे तिचा कोनांक π. उजवीकडे गेलो की ती धन होते आणि कोनांक शून्य होतो. मधे कुठेही तो बदलत नाही. म्हणून दोन लगतच्या सीमाबिंदूंच्या दरम्यान f' चा कोनांक स्थिर राहतो, म्हणजेच प्रतिमा सरळ रेषेत जाते. बिंदू x₁ ओलांडताना (x − x₁) चा कोनांक π ने घटतो, घातांक α₁ − 1 असल्यामुळे f' चा कोनांक (1 − α₁)π ने वाढतो, आणि हाच त्या शिरोबिंदूचा बाह्यकोन आहे. सरळ रस्त्याने जाणाऱ्या गाडीचे चाक फक्त चौकात वळावे आणि तेही नेमून दिलेल्या कोनातून डावीकडे, तसा हा प्रवास होतो. वरचे अर्धप्रतल वाटेच्या डाव्या हाताला असते, म्हणून आकृतीचा आतला भागही डाव्या हातालाच राहतो.

या युक्तिवादात एक गोष्ट सहज निसटते, म्हणून ती ठळक करतो. वळण किती घ्यायचे हे घातांक ठरवतो. x₁ कुठे आहे याचा त्या वळणाशी काडीचाही संबंध नाही. बिंदू डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा, शेजारच्या बिंदूला जवळजवळ चिकटवा: क्रम तोच राहिला तर कोन तेच. कोन फुकट मिळतात म्हणतो ते या अर्थाने. आणि फुकट मिळालेल्या गोष्टीवरून उत्तर बरोबर आहे की चूक हे ताडून पाहता येत नाही. हे पुढे हिशेब करताना फार महत्त्वाचे ठरते.

इथे एक रास्त शंका येते. असे सूत्र लिहिले की काठाची प्रतिमा सरळ बाजूंची होते हे कळले. पण प्रत्येक बहुभुजाकृतीसाठीचे प्रतिचित्रण याच रूपाचे असते हे कशावरून? कदाचित दुसऱ्याच कुठल्या रूपाचे फल ते काम करत असेल. श्वार्त्सचे उत्तर असे. आकृतीच्या एका बाजूत f चे परावर्तन केले तर ते खालच्या अर्धप्रतलात वाढवता येते. वेगवेगळ्या बाजूंतून परावर्तने केली तर वेगवेगळी फले मिळतात. पण कोणतीही दोन परावर्तने एकापाठोपाठ केली की एकूण परिणाम फिरवणे आणि सरकवणे एवढाच उरतो, म्हणजे f च्या जागी af + b येते. आता f'' भागिले f' हे गुणोत्तर पाहा. त्यात b विकलनात जातो आणि a छेदून जातो. म्हणजे f''/f' या सगळ्या परावर्तनांमध्ये एकच राहते आणि संपूर्ण प्रतलावर एकमूल्य ठरते. शिरोबिंदूंपाशी f चे वर्तन (z − xₖ) च्या αₖ घातासारखे असल्यामुळे f''/f' ला तिथे (αₖ − 1)/(z − xₖ) एवढाच दोष आहे. हे सर्व दोष वजा केले की उरलेले फल सगळीकडे निर्दोष असते आणि अनंताकडे शून्य होते. लिउव्हिलच्या प्रमेयानुसार ते शून्यच. उरले ते f''/f' = Σ (αₖ − 1)/(z − xₖ). याचे संकलन केले की वरचे सूत्र मिळते. तेव्हा सूत्राचे रूप निवडलेले नाही, ते सक्तीचे आहे. पण सक्ती रूपापुरती आहे. xₖ च्या किमतींबद्दल या सिद्धतेने तोंडातून अवाक्षर काढलेले नाही.

आता त्रिकोण. वरच्या अर्धप्रतलाला स्वतःवरच नेणारी, कोन जपणारी प्रतिचित्रणे (az + b)/(cz + d) या रूपाची असतात आणि त्यांत तीन वास्तव चल मोकळे असतात. त्यामुळे काठावरचे कोणतेही तीन बिंदू, क्रम सांभाळून, आपल्याला हवे तिथे ठेवता येतात. त्रिकोणाला शिरोबिंदूच तीन. म्हणून ते ०, १ आणि अनंतावर ठेवू. अनंतावरच्या बिंदूचा अवयव सूत्रातून गळतो, त्याचा कोन आपोआप उरलेला येतो. राहते ते असे:

f'(z) = z^(α−1) (1 − z)^(β−1)

यात γ = 1 − α − β. ० ते १ या तुकड्याची प्रतिमा म्हणजे अनंतस्थ शिरोबिंदूसमोरची बाजू. तिची लांबी म्हणजे ० पासून १ पर्यंत f' चे संकलन, आणि हे ऑयलरचे बीटा फल आहे: Γ(α)Γ(β)/Γ(α + β). इथे α + β म्हणजे 1 − γ. गॅमा फलाचे परावर्तन सूत्र Γ(γ)Γ(1 − γ) = π/sin πγ वापरले की लांबी अशी दिसते:

Γ(α)Γ(β)Γ(γ) · sin(πγ) / π

पहिल्या तीन अवयवांत तिन्ही कोन सारख्या मानाने आले आहेत, तेव्हा तो गुणक तिन्ही बाजूंना समाईक आहे. उरते एवढेच की बाजू समोरच्या कोनाच्या साइनच्या प्रमाणात आहे. शाळेत शिकलेला साइन नियम असा गॅमा फलाच्या पोटातून बाहेर येतो. समभुज त्रिकोणासाठी तिन्ही संख्या १/३ घातल्या तर बाजू सुमारे ५.३०० येते. हवी असलेली बाजू वेगळी असेल तर A ने गुणायचे, फिरवायचे असेल तर A ला संमिश्र करायचे, सरकवायचे असेल तर एक स्थिरांक मिळवायचा. काम संपले.

या उदाहरणावरून कोणी म्हणेल, सूत्राने तर बाजूही दिल्या. मग बाजू विकत घ्याव्या लागतात ही तक्रार कशाला? याचे उत्तर सूत्रात नाही, त्रिकोणात आहे. तीन कोन ठरले की त्रिकोणाच्या बाजूंचे गुणोत्तर ठरते. लांब्यांची माहिती कोनांतच दडलेली होती, म्हणून कोनांबरोबर ती आली. शिवाय काठावर ठेवायचे बिंदू तीन आणि मोकळीकही तीनच, म्हणून बिंदूंच्या जागा कितीही बदलल्या तरी आकृती तीच राहते. ही दोन कारणे वेगळी दिसली तरी मुळात एकच आहेत. n शिरोबिंदूंच्या आकृतीत तीन बिंदू मनाजोगे ठेवल्यावर n − 3 बिंदू उरतात, आणि कोन ठरवल्यावर आकार पूर्ण ठरायला n − 3 गुणोत्तरे कमी पडतात. त्रिकोणात दोन्ही शून्य. आयतात दोन्ही एक. म्हणून सूत्राची खरी परीक्षा आयतापासून सुरू होते.

आयतासाठी चारही घातांक −१/२ आहेत. सममिती सांभाळून बिंदू ±१ आणि ±१/k वर ठेवले, k ही ० आणि १ यांमधली संख्या मानली, तर

f'(z) = 1 / √((1 − z²)(1 − k²z²))

हे संकलन पहिल्या जातीचे लंबवर्तुळी संकलन आहे. आयताची रुंदी 2K आणि उंची K' येते. इथे K म्हणजे ० ते १ पर्यंतचे संकलन आणि K' म्हणजे k च्या जागी √(1 − k²) घालून मिळणारे तेच. आता समजा आपल्याला चौरस हवा आहे. घाईघाईने k = १/२ घेतला, म्हणजे बिंदू −२, −१, १, २ वर ठेवले. दिसायला काही वावगे नाही. हिशेब केला तर K = १.६८५८ आणि K' = २.१५६५. रुंदी ३.३७१५ आणि उंची २.१५६५, म्हणजे उंचीच्या दीडपटीहून अधिक रुंद असा आडवा आयत. चारही कोन काटेकोर काटकोन आहेत, बाजू सरळ आहेत, आकृती बंद आहे, प्रतिचित्रण एकास एक आहे. चूक शोधायला गेलात तर कोनांत ती कधीच सापडणार नाही. बाजू मोजल्या तरच ती दिसते.

मग बरोबर k कोणता? चौरसापुरते हे अंदाजावर सोडायची गरज नाही, कारण चौरसाला आयताहून अधिक सममिती आहे. चौरस पाव फेरा फिरवला की स्वतःवर येतो. मग अर्धप्रतलातही असे प्रतिचित्रण असले पाहिजे, जे चारही सीमाबिंदूंना एकेक घर पुढे सरकवेल. (1 + x)/(1 − x) हे फल पाहा: ते −१ ला ० वर, ० ला १ वर, १ ला अनंतावर आणि अनंताला परत −१ वर नेते. म्हणजे चौरसाचे सीमाबिंदू −१, ०, १ आणि अनंत. अनंताचा अवयव गळतो आणि सूत्र राहते:

f'(z) = 1 / √(z(z² − 1))

पडताळा लगेच घेता येतो. ० ते १ ही एक बाजू आणि १ ते अनंत ही तिच्या शेजारची. दुसऱ्या संकलनात x च्या जागी 1/t घाला. सगळे सोडवले की ते अक्षरशः पहिले संकलनच होते. लगतच्या दोन बाजू सारख्या आणि कोन काटकोन, म्हणजे चौरसच. हेच चार बिंदू ±१, ±१/k वर कसे न्यायचे हे त्यांच्या छेदगुणोत्तरावरून कळते. ते दोन्हीकडे सारखे असले पाहिजे; −१, ०, १, अनंत यांसाठी ते १/२ आहे, म्हणून ((1 − k)/(1 + k))² = 1/2. यावरून k = 3 − 2√2, म्हणजे सुमारे ०.१७१६. बाहेरचे बिंदू ±२ वर नव्हे, तर ±५.८३ च्या आसपास आहेत. आपला घाईचा अंदाज किती लांब होता ते यावरून दिसते. या k साठी K = १.५८२६ आणि K' = ३.१६५१; उंची रुंदीएवढीच.

दुसरी शंका व्यवहारी माणसाची असते. हे सगळे ठीक, पण संकलन शेवटी सुटत नाहीच. लंबवर्तुळी संकलने प्राथमिक फलांत लिहिता येत नाहीत. मग रीमानच्या ‘अस्तित्वात आहे’ यापेक्षा आपण फार पुढे कुठे आलो? या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. प्राथमिक फलांत उत्तर न येणे ही अडचण नाही. संख्या काढता न येणे ही अडचण ठरली असती, आणि संख्या काढता येतात. मात्र डोळे मिटून काढता येत नाहीत. चौरसाची बाजू म्हणजे 1/√(x(1 − x²)) चे ० ते १ संकलन. दोन्ही टोकांना हे फल अनंताकडे जाते. अंतराचे १००० सारखे तुकडे करून प्रत्येकाच्या मध्यबिंदूची किंमत घेतली तर उत्तर सुमारे २.५८९ येते. खरे उत्तर २.६२२०५८ आहे. हजार तुकडे पाडूनही दुसऱ्या दशांश स्थळाला घोटाळा, आणि तुकडे शंभरपट केले तरच चूक दहापट घटते.

आता x = sin²θ घाला. टोकांचे दोष dx मधून येणाऱ्या अवयवांशी छेदून जातात आणि संकलन उरते 2/√(1 + sin²θ) याचे, θ शून्यापासून काटकोनापर्यंत. इथे कुठेही काही फुगत नाही. फक्त चार मध्यबिंदू घ्या: ११.२५°, ३३.७५°, ५६.२५° आणि ७८.७५°. 1/√(1 + sin²θ) च्या चार किमती अनुक्रमे ०.९८१५०, ०.८७४१५, ०.७६८९३ आणि ०.७१३९३ येतात. बेरीज ३.३३८५१, तिला π/4 ने गुणले की २.६२२०६. हजार तुकड्यांनी जे साधले नाही ते चार बिंदूंनी पाच दशांश स्थळांपर्यंत साधले. फरक यंत्राच्या ताकदीचा नाही. टोकाला घातांक किती आहे हे आपल्याला आधीच ठाऊक होते आणि आपण ते वापरले, हा फरक आहे. घातांक कोनांतून येतात आणि कोन फुकटचे. म्हणून संकलन हा या विषयातला अवघड भाग नाही. कोणत्याही बहुभुजाकृतीसाठी टोकांचे घातांक हिशेबात धरणाऱ्या संकलनपद्धती उपलब्ध आहेत, आणि १९८० साली लॉइड ट्रेफेथेन यांनी मांडलेली संगणकी पद्धत गाउस आणि याकोबी यांच्या नावाच्या अशाच संकलनावर उभी आहे.

खरी किंमत मोजावी लागते ती बिंदूंसाठी, आणि ती किती असू शकते हे लांबट आयत दाखवतो. उंची रुंदीच्या a पट हवी असेल तर k जवळजवळ 4e^(−πa) एवढा लागतो. हा अंदाज a = १ लाही चांगला आहे: ०.१७२९ येतो, खरा ०.१७१६. दुप्पट उंचीला k सुमारे ०.००७५, तिप्पट उंचीला ०.०००३२. दहापट उंच आयतासाठी k सुमारे 9 × 10⁻¹⁴. म्हणजे बाहेरचे दोन बिंदू मध्यापासून एक मीटरवर ठेवले, तर आतले दोन बिंदू मध्यापासून अणूच्या आकाराहूनही कमी अंतरावर येतात. कागदावर काढता येईल असा, पट्टीसारखा साधा आयत. पण त्याचे कोपरे अर्धप्रतलाच्या काठावर एकमेकांत जवळजवळ विरघळून जातात. सुमारे सोळा अंकांपर्यंत संख्या धरणाऱ्या संगणकावर हा प्रकार थोड्याच अवधीत हाताबाहेर जातो. आकृतीत लांब, अरुंद फाटा असला की त्याच्या टोकाच्या कोपऱ्यांचे हेच होते. या बिंदूंच्या दाटीवर उपाय आहेत, उदाहरणार्थ अर्धप्रतलाऐवजी अनंत पट्टी किंवा लांबट आयत हाच मूळ प्रदेश धरणे. पण ती दाटी टाळता येत नाही, दुसरीकडे नेता येते. कारण ती हिशेबातली चूक नव्हे. आयताची उंची सरळ मापाने वाढते, बिंदूंमधले अंतर घातांकी वेगाने आटते, आणि हा त्या प्रतिचित्रणाचाच गुण आहे.

इथे तिसरा आक्षेप येऊ शकतो: बिंदू शोधणे इतके जिकिरीचे असेल तर या पद्धतीचा उपयोग काय? उपयोग असा की कित्येक प्रश्नांत बिंदू हेच दिलेले असतात आणि आयत शोधायचा असतो. सी. पी. वेन यांनी १९६९ मध्ये मांडलेली सपाट संदेशवाहिनी घ्या. पाटाच्या एकाच पृष्ठावर मधे धातूची पट्टी आणि दोन्ही बाजूंना फट सोडून जमिनीला जोडलेले धातूचे पत्रे. तिचा आडवा छेद घेऊन वरची हवा पाहिली तर ती वरचे अर्धप्रतलच आहे. पट्टीच्या कडा ±१, पत्र्यांच्या कडा ±१/k. k म्हणजे पट्टीची रुंदी भागिले दोन्ही पत्र्यांमधले अंतर. प्रतिचित्रणानंतर पट्टी आयताची खालची बाजू होते, पत्रे अनंतातून जोडले जाऊन वरची बाजू होतात आणि दोन फटी उभ्या बाजू होतात. ज्या क्षेत्राचा हिशेब करणे कठीण होते ते आता साध्या समांतर पत्र्यांच्या धारित्रातले क्षेत्र आहे. पट्टीच्या वर आणि खाली दोन्हीकडे हवाच आहे असे धरले, तर दर मीटरला धारिता 4ε₀K/K' येते. k = 3 − 2√2 असेल तर आयत चौरस, K/K' = १/२, आणि धारिता 2ε₀, म्हणजे दर मीटरला सुमारे १७.७ पिकोफॅरड. इथे कुठलेही समीकरण उलटे सोडवावे लागले नाही. मात्र हाच प्रश्न उलटा विचारला, ‘अमुक धारितेसाठी पट्टी किती रुंद ठेवू?’, की पुन्हा k शोधायची वेळ येते. सूत्राची एक दिशा उताराची आणि दुसरी चढाची आहे, आणि कोणता प्रश्न कुठल्या दिशेचा आहे हे ओळखणे हे या विषयातले पहिले शहाणपण.

बाजूंची संख्या वाढली की चढ अधिक उभा होतो. पंचकोनाला दोन, षट्कोनाला तीन अज्ञात बिंदू. ते सर्व एकमेकांत गुंतलेल्या समीकरणांतून एकाच वेळी शोधावे लागतात, कारण एक बिंदू हलवला की सर्व बाजूंच्या लांब्या हलतात. आकृतीचे सर्व कोपरे बाहेरच्या बाजूला असतील, तर चुकीच्या बिंदूंनीही निदान एक धड बहुभुजाकृती मिळते, फक्त हवी ती नव्हे. कारण वळणे सगळी डावीकडे आणि त्यांची बेरीज एक पूर्ण फेरा, त्यामुळे वाट स्वतःला छेदू शकत नाही. आत वळलेला कोपरा असेल तर ती हमीही जाते: चुकीच्या बिंदूंनी बाजू एकमेकींवरून जाऊ शकतात आणि प्रतिमा स्वतःवर दुमडू शकते. दोन्ही प्रसंगी कोन मात्र अगदी बरोबर असतात. म्हणून कोणत्याही हिशेबाची किंवा आज्ञावलीची तपासणी करताना कोन मोजू नयेत. ते पास होणारच. लगतच्या बाजूंची गुणोत्तरे मोजावीत, आणि शेवटच्या बाजूवरून पहिल्या शिरोबिंदूवर परत येतो का ते पाहावे.

पुढील प्रकरणे याच क्रमाने मांडली आहेत: प्रथम विकलजातून दिशा, मग रूपाची सक्ती, मग त्रिकोण, मग आयत आणि त्यातला k, आणि शेवटी अनेक बाजूंच्या आकृत्यांसाठी बिंदू शोधण्याच्या पद्धती. वाचकाला संमिश्र संख्यांचा कोनांक, साधे विकलन आणि संकलन, आणि एका बिंदूपाशी फलाचे घातांकी वर्तन एवढे माहीत असले की पुरे. लंबवर्तुळी फलांची ओळख वाटेत होते. वाचकाला एकच विनंती आहे. सूत्र पाठ करण्याआधी कागद घेऊन −१, ० आणि १ हे बिंदू मांडा आणि ० ते १ व १ ते अनंत या दोन बाजू सारख्या आहेत हे स्वतः ताडून पाहा. मग मधला बिंदू ० वरून १/२ वर सरकवा आणि त्याच दोन लांब्या पुन्हा काढा. कोन तेच राहतील आणि चौरस मोडेल. तो कुठल्या दिशेने मोडतो आणि का, हे सांगता आले की पुढची प्रकरणे वाचायची तुमची तयारी झाली असे समजा.